गजूला द्यायची चिठ्ठी

तीर्थरूप बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

नवतपा लागायच्या आत तुम्ही दोघं नागपूरला येताय, हे ठरलं. बाबा, यावर आता पुन्हा वाद नको. मागच्या महिन्यात कोठ्यात पाय घसरला तेव्हा आई घरी होती म्हणून बरं. शिवाय मोतीबिंदू पिकलाय. मी तुम्हाला कोठ्यातून ओढून नेतेय असं वाटतं ना? थोडं तसंच आहे. पण म्हशी विकत नाही आपण, गजूच्या हाती देतोय, आणि तो घरचाच आहे.

तुम्ही फोनवर सांगितलेली चिठ्ठी चार ओळींची झाली. "चंद्री सांभाळ, बाकी शिकशील." अशानं कसं होईल? म्हणून तुमच्या तोंडचं मला आठवतं तसं खाली लिहिलंय. चुकलं असेल तिथं आईकडून खोडून घ्या.

गजू, पहाटे पाचला आधी ढोली, मग मोगरी, आणि चंद्री सगळ्यात शेवटी. तिच्या मागच्या उजव्या सडाला दगडी होऊन गेलीय. तिला लावलेला हात दुसरीला लागला तर रोग दुसरीकडे जातो. कास कोमट पाण्यानं धू आणि कोरड्या फडक्यानं पूस, ओली ठेवू नको. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तव्यावर काढून बघ. बारीक गाठी, पाणचट दूध किंवा पिवळसर झाक दिसली की ते दूध बादलीत जाऊ द्यायचं नाही. अंगठा मुडपून पिळू नको, आतून सड दुखावतो. पूर्ण मुठीनं काढ.

आणि ढेप दूध काढून झाल्यावरच टाक. दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. तेवढ्यात ती शेणात बसली तर घाण थेट आत शिरते. गव्हाणीत ढेप आणि कुटार असलं की ती उभी राहते.

हे मला कोणी सांगायची गरज नाही, बाबा. राखीला आले होते, तुम्हाला विश्रांती म्हणून दोन दिवस मीच दूध काढलं. लवकर उरकावं म्हणून ढेप आधीच टाकली. माझं होईस्तोवर चंद्रीचं खाणं संपलेलं, आणि मी बादली उचलताच ती ओल्या जागी बसली. तिसऱ्या दिवशी कासेचा तो भाग गरम आणि दगडासारखा कडक. तुम्ही हात लावला आणि एक शब्द बोलला नाहीत. डॉक्टरांनी सडात औषधाच्या नळ्या सोडल्या. त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत तुम्ही दूध डेअरीला न घालता ओतून देत होता. सहा लिटरची म्हैस साडेतीनवर आली. तो सड अजून निम्मंच देतो. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून गजूसाठी आणखी एक. गाठी दिसण्याच्या आधीच रोग कळतो. अर्धा लिटर पाण्यात कपडे धुण्याची पावडर सहा छोटे चमचे विरघळवून ठेव. आठवड्यातून एकदा चारही सडांचं थोडं थोडं दूध वेगवेगळ्या वाट्यांत घे आणि तेवढंच ते पाणी मिसळून हलव. मिश्रण पातळ राहिलं तर ठीक. अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट झालं तर त्या सडात काहीतरी आहे, डॉक्टरांना बोलाव. मनानं औषध देऊ नको.

मोगरी अजून गाभण राहायचीय. म्हशीचा माज मुका असतो, ती ओरडेलच असं नाही. मागून सोटाची चिकट तार दिसते का, ते पहाटे आणि सांजेला बघ. सांजेला दिसली तर सकाळी भरव, सकाळी दिसली तर सांजेला. आणि या उन्हात तिघींनाही दुपारी पाणी मार. काळं कातडं आणि घाम कमी, त्यांना ऊन सोसत नाही. तोंड उघडून धापा टाकू लागल्या म्हणजे उशीर झाला.

बाबा, इथं वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलाय, खिडकीजवळची खाट तुमची. पहाटे चारला जाग आली तर गॅस पेटवत बसू नका, मला उठवा. गोळ्यांची पिशवी हातात घ्या, ट्रंकेत कोंबू नका. लहानपणी पावसात तुम्ही मला घोंगड्यात गुंडाळून चंद्रीच्या आजीवर बसवायचे, ते घोंगडं मात्र आणाच.

राहिली ढोली. तिचं वगारू गेल्यापासून ती आईशिवाय पान्हा सोडत नाही, आणि मला वाटतं ती आईला वासानंच ओळखते. आई, तुझं हिरवं लुगडं कोठ्यातच ठेवून ये. गजू ते खांद्यावर टाकून बसेल. नवं मी घेऊन ठेवलंय.

तुमची,
माई