वारस दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट : मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस खुले पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात वकिली करतो. घरातील माणूस गेल्यानंतर कागदपत्रांची पिशवी घेऊन येणाऱ्या कुटुंबांची कामे माझ्याकडे नेहमी असतात. आपल्या खात्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मयत खातेदारांच्या वारसनोंदी मार्गी लावल्या, त्यामुळे शेतजमिनीपुरता हा प्रश्न बराच सुटला. मात्र जमिनीसोबत बँकेतील ठेव, सोसायटीतील घर आणि शेअर असतील, तर प्रत्येक खिडकीवर वेगळा कागद मागितला जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. त्यातला आपल्या खात्याशी जोडलेला भाग आपल्यापुढे मांडत आहे.

अलीकडचे एक प्रकरण सांगतो. एका निवृत्त शिक्षकांचे निधन झाले. मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी आणि वृद्ध आई. एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावे सुमारे नऊ लाखांची मुदत ठेव होती आणि तिला नामनिर्देशन नव्हते. गावातल्या सहकारी बँकेत तीन लाख होते, तेथे मुलगा नॉमिनी होता. शिवाय दोन एकर जमीन आणि शहरात सोसायटीतला एक फ्लॅट होता. मृत्यू प्रमाणपत्र हाती येताच कुटुंबाने राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत चौकशी केली, तेव्हा ‘वारस दाखला आणा’ एवढेच तोंडी सांगण्यात आले. त्यांनी तलाठी कार्यालयातून पंचांच्या सह्यांचा वारस पंचनामा आणला. शाखेने तो वरच्या कार्यालयाकडे पाठवला आणि ‘कोर्टाचा हवा’ असा निरोप आला. मग एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली न्यायालयात अर्ज झाला. वारसांविषयी हरकती मागवणारी महिन्याची जाहीर नोटीस निघाली, कोणी हरकत घेतली नाही आणि वारस प्रमाणपत्र मिळाले. तो कागद घेऊन गेल्यावर बँकेच्या विधी अधिकाऱ्यांनी विचारले की यात आमच्या ठेवीचा उल्लेख कुठे आहे. तो नव्हता. कुटुंब माझ्याकडे आले ते या टप्प्यावर.

विधी अधिकाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि घोळाचे मूळ तिथेच आहे. बँकेतील ठेव कायद्याच्या दृष्टीने बँकेने ठेवीदाराचे देणे असलेले कर्ज आहे. असे कर्ज वसूल करण्यासाठी मयताच्या वारसाला न्यायालयातून हुकूमनामा हवा असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१४ प्रमाणे ठरावीक कागदांपैकी एक दाखवावा लागतो. त्या यादीत मृत्युपत्राला न्यायालयाने दिलेली मान्यता म्हणजे प्रोबेट आणि मयताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारी प्रशासनपत्रे आहेत, मयताची येणी गोळा करण्याचा अधिकार देणारे सक्सेशन सर्टिफिकेट आहे आणि १८२७ च्या विनियमाखालचे प्रमाणपत्रही आहे. या शेवटच्या कागदाला मात्र एक अट जोडलेली आहे : तो १ मे १८८९ नंतर दिलेला असेल, तर संबंधित कर्ज त्यात नमूद असले पाहिजे. म्हणजे आज न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मिळवणाऱ्याने अर्जातच बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि रक्कम लिहिली नसेल, तर तो कागद वारस कोण हे सांगतो, पण ठेवीपुरता तोकडा पडतो. ही अट अर्जदाराला कोणत्याही कार्यालयात लेखी सांगितली जात नाही.

सक्सेशन सर्टिफिकेटचा आवाका याच्या उलट आहे. त्याच अधिनियमाच्या भाग १० मध्ये त्याची कार्यपद्धती दिलेली आहे. मयताचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तेथे अर्ज होतो, ‘कर्जे आणि रोखे’ यांची यादी जोडावी लागते, आणि न्यायालयाची फी त्या रकमेच्या प्रमाणात आकारली जाते. कलम ३८१ मुळे, यादीतील रक्कम बँकेने प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने दिली की नंतर दुसरा वारस उभा राहिला तरी बँकेला पूर्ण संरक्षण मिळते. बँकेला हा कागद आवडतो तो म्हणूनच. यादीतून एखादी ठेव सुटली आणि नंतर सापडली, तर नवे प्रमाणपत्र न काढता कलम ३७६ खाली अर्ज करून त्याच प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेता येते. मात्र हा कागद कर्जे आणि रोख्यांपुरताच आहे. जमीन आणि घर त्याच्या कक्षेत येत नाहीत. तरीही सातबाऱ्यावर नाव लावायला सक्सेशन सर्टिफिकेट आणा, असे सांगितलेली माणसे मला भेटतात.

आता याच कुटुंबाला खरोखर काय लागत होते ते पाहू. जमिनीसाठी कोणतेही न्यायालयीन प्रमाणपत्र लागत नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची, मृत्यू प्रमाणपत्र आणि सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडायचे, नोटिशीनंतर हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित करायचा, एवढेच काम होते. फ्लॅटबाबत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १५४ब-१३ स्पष्ट आहे. मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस प्रमाणपत्र किंवा हक्कदार वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांपैकी कशाच्याही आधारे सोसायटी हस्तांतर करू शकते. तेव्हा हाती असलेले न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र फ्लॅटच्या कामी आले, हा योगायोगच म्हणायचा.

सहकारी बँकेतील तीन लाखांवर मुलगा नॉमिनी होता. तिथे त्याची ओळख आणि मृत्यू प्रमाणपत्र पुरेसे होते. नॉमिनी त्या रकमेचा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने ती स्वीकारतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक निकालांत सांगितलेले आहे. पण आई, बहीण आणि आजी यांचा हिस्सा हा त्या घरातला प्रश्न आहे. नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, तिने वारसांची संमती मागायचे कारण नाही.

राहिली नऊ लाखांची ठेव. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मयत ग्राहकांच्या दाव्यांविषयी निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास बँकांना सांगितले. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी व्यापारी बँकांना १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांना ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत वापरावी लागते. बँक आपली मर्यादा याहून जास्त ठेवू शकते. या मर्यादेत, वाद नसेल तर, दाव्याचा अर्ज, मृत्यू प्रमाणपत्र, ओळखपत्र, पुढे दुसऱ्या कोणी दावा केला तर बँकेचे नुकसान भरून देण्याची हमी म्हणजे क्षतिपूर्ती बंधपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारसांविषयीचा एक कागद, एवढेच घ्यायचे आहे. त्रयस्थ जामीनही मागायचा नाही. वारसांविषयीचा तो कागद म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याचा वारस दाखला, किंवा कुटुंबाला चांगले ओळखणाऱ्या पण त्याच्याशी संबंध नसलेल्या, बँकेला मान्य असलेल्या व्यक्तीचे घोषणापत्र. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेचा बँक दर अधिक ४ टक्के या दराने भरपाई द्यायची, असेही त्यात आहे. हेच प्रकरण आज नव्याने मांडले, तर गावातल्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या सहीच्या घोषणापत्रावर ही ठेव मिळायला हवी. न्यायालयाची पायरी चढावी लागते ती वारसांमध्ये वाद असला तर, आणि मर्यादेवरच्या रकमांसाठी बँकेने मागितले तर.

आता आपल्या खात्याचा संबंध. रिझर्व्ह बँकेने ‘सक्षम प्राधिकारी’ हे शब्द वापरले, आणि तमिळनाडूसारख्या राज्यांत तहसीलदार असा दाखला रीतसर देतात. आपल्याकडे तलाठ्यांचा पंचनामा एका शाखेला चालतो, शेजारच्या शाखेला चालत नाही, आणि न्यायालयाचे प्रमाणपत्रच काय तो सक्षम दाखला, असा अर्थ तिसरी शाखा काढते. पंचनाम्यावर तो कशासाठी दिला हे छापलेले नसते, म्हणून लोक तो घेऊन चारही खिडक्यांवर फिरतात.

एक व्यावहारिक धोकाही नोंदवतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी, मुलगे आणि मुलींबरोबर त्याची आईही असते, वडील नसतात. पंचनामे लिहिताना म्हातारी आई अगदी सर्रास सुटते, कारण ती ‘आधीच्या पिढीतली’ आहे असे पंच आणि घरचे दोघेही धरून चालतात. विवाहित मुलीही सुटतात, पण त्या निदान विचारायला येतात. वारस लपवून मिळवलेले सक्सेशन सर्टिफिकेट भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३८३ खाली रद्द होऊ शकते, आणि चुकीच्या पंचनाम्यावर बँकेने पैसे दिले असतील तर भांडण क्षतिपूर्ती बंधपत्रावर सही करणाऱ्याच्या दारात येते. वरील प्रकरणातही पहिल्या पंचनाम्यात आजींचे नाव नव्हते. ते न्यायालयात अर्ज तयार करताना लक्षात आले.

तेव्हा आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, या राज्यात वारस दाखल्यासाठी सक्षम प्राधिकारी कोण, हे शासन निर्णयाने ठरवावे; महसूल यंत्रणेचा कागद केवळ चौकशीचा अहवाल मानायचा असेल, तर तसे त्यावर छापावे. दुसरी, वारसनोंदीच्या आणि पंचनाम्याच्या नमुन्यात आई, पत्नी, मुलगे, मुली आणि आधी वारलेल्या अपत्यांची मुले यांचे स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि ‘हयात’, ‘मयत’ किंवा ‘नाही’ असे लिहिल्याशिवाय रकाना पूर्ण धरू नये. तिसरी, राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत हा विषय घेऊन, मर्यादेतील दाव्यांसाठी शाखांनी मागायच्या कागदांची एक समान मराठी यादी ठरवून घ्यावी आणि ती तहसील कार्यालयात व शाखेत लावावी. बँकेला त्या यादीबाहेरचा कागद हवा असेल, तर ती मागणी कारणासह लेखी द्यावी, असेही त्या बैठकीत ठरवून घ्यावे. तोंडी ‘वारस दाखला आणा’ या निरोपावर अपील करता येत नाही, लेखी कारणावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पहिल्या दोन गोष्टी आपल्या सहीने होण्याजोग्या आहेत. तिसरीसाठी वित्त आणि सहकार खात्यांना सोबत घ्यावे लागेल.

आपला नम्र,
दिवाणी न्यायालयातील एक वकील