बंद रसवंतीचं बिल: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

पंढरपूर-सांगोला रस्त्यावर माझी रसवंती आहे. फेब्रुवारी ते मे असे चार महिने चालते. मशीनला 1 एचपीची सिंगल फेज मोटर आहे.

एका ग्लासाला वीज किती लागते, हे मी मीटरच्या लाल दिव्यावरून मोजलं. माझ्या मीटरवर 3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट. ऊस आले-लिंबू घालून, दुमडून तीनदा रुळांतून काढला की चाळीसेक सेकंद जातात आणि दिवा बत्तीसेक वेळा लुकलुकतो. म्हणजे ग्लासामागे युनिटचा शंभरावा भाग. माझ्या बिलात स्थिर आकार सोडून बाकी सगळे आकार धरून युनिट साधारण 12 रुपयांना पडतं, तेव्हा ग्लासाला 12 पैसे. मोटर रिकामी फिरते तेव्हाही मिनिटाला सोळा लुकलुकी होतात. गिऱ्हाइकाच्या वाटेवर घुंगरं वाजत ठेवायची तर दोन मिनिटांत एका ग्लासाची वीज जाते. दिवसाला 150 ग्लास आणि पाचेक तास रिकामी मोटर धरली, तर तीन युनिटं, 36 रुपये. ग्लासाला 24 पैसे. याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार स्थिर आकाराची आहे. तो महिन्याला साधारण 500 रुपये येतो. वाणिज्य गटात 20 किलोवॅटपर्यंत तो जोडणीमागे सारखाच, म्हणजे एसी लावलेल्या शोरूमला जेवढा तेवढाच माझ्या पाऊण किलोवॅटला. जून ते जानेवारी मशीन ताडपत्रीखाली असतं, तरी 4000 रुपये भरावे लागतात. चार महिन्यांत मी जाळलेल्या विजेचे होतात 4320. जोडणी कायमची तोडा म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, अनामत, चाचणी अहवाल, आणि तोवर मार्च उलटतो.

म्हणून आमच्यातले बरेच जण शेजारच्या दुकानातून वायर ओढून घेतात आणि रोजचे शंभर रुपये देतात. हे नियमात बसत नाही, आणि मोटरलाही सोसत नाही. गेल्या एप्रिलमध्ये एकाची बारीक वायर चाळीस मीटर लांब होती. जाड ऊस लावला की विजेचा दाब उतरायचा, रूळ अडायचे, मोटर नुसती गुणगुणायची. ऊस मागे ओढेपर्यंत वाइंडिंगचा जळका वास आला. भर हंगामात चार दिवस त्याचा गाडा बंद होता.

विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो, हे मला ठाऊक आहे. तरी शासनाने आयोगापुढे दोन गोष्टी मांडाव्यात. 1 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला वेगळा, कमी स्थिर आकार असावा. आणि हंगामी धंद्याला मीटर जागेवरच ठेवून, एका अर्जावर आठ महिने जोडणी थांबवता यावी, त्या काळात स्थिर आकार लागू नये. थकबाकी नसलेल्यालाच ही सवलत द्या, आमची हरकत नाही.

आपला नम्र,
एक रसवंतीवाला