विषय: ‘एच’ पातळीचे पैसे घेऊन ‘एल’ पातळीची क्यूआर लेबले दिल्याबाबत

व्यवस्थापक,

कालच्या चौथ्या फोननंतर हे लेखी देत आहोत. पंपांवर चिकटवायच्या लेबलांची ऑर्डर ‘एच’ पातळीची, म्हणजे सर्वांत जास्त खराबी सोसणाऱ्या कोडची होती, बिलातही तसेच लिहिले आहे. आलेली लेबले ‘एल’, म्हणजे सर्वांत कमी सोसणारी आहेत.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनी डोळ्याखालची एक पांढरी ओळ सोडा आणि पुढच्या ओळीत डावीकडून पहिल्या दोन चौकटी बघा. ‘एच’ असता तर दोन्ही पांढऱ्या असत्या. तुमच्या दोन्ही काळ्याकुट्ट आहेत. शिवाय एका बाजूला २९ चौकटी भरतात. आमचा वेबपत्ता ५० अक्षरांचा. २९ चौकटींत तो फक्त ‘एल’मध्येच मावतो, ‘एच’ला ४१ लागतात.

आता लेबले स्कॅन होत नाहीत या तक्रारीवर तुमच्या माणसाचे उत्तर. “सर, कोपरा फाटला तरी क्यूआर चालतो, तीस टक्क्यांची गॅरंटी असते. मोबाईलचा ब्राइटनेस वाढवून बघा.” छापील लेबलासाठी ब्राइटनेस! दोनदा विचारले, दोनदा तेच. मग म्हणे, मोबाईल बदला. कोणता घ्यायचा तेही सांगून टाकायचे होते.

ते तीस टक्के ‘एच’चे, तेही कोडवर्डचे, कागदाचे नव्हेत. आठ चौकटींचा एक कोडवर्ड होतो. तुमच्या लेबलात असे ७० आहेत: ५५ मजकुराचे, १५ दुरुस्तीचे. चूक कुठे आहे हे आधी शोधावे लागते आणि मग ती सुधारावी लागते, म्हणून एका बिघडलेल्या कोडवर्डमागे दुरुस्तीचे दोन खर्च होतात. १५ मध्ये जेमतेम ७ सुधारतात. त्यात मधोमध ५ बाय ५ चौकटींचा लोगो, तोही तुमचाच, न विचारता छापलेला. तो ७ कोडवर्डांवर बसतो. म्हणजे नव्याकोऱ्या लेबलातच सगळी सवलत तुम्ही खाल्लीत. तेलाचा एक डाग पडला की खेळ खलास. मागितलेल्या ‘एच’मध्ये ५६ कोडवर्ड सुधारले असते.

आणि कोपरा? तीन कोपऱ्यांतले डोळे म्हणजे मजकूर नव्हे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या १:१:३:१:१ या प्रमाणावरून कॅमेरा त्यांना हुडकतो. तुमच्या डायने गोल कापताना काही लेबलांचा डोळाच छाटला आहे. कोड सापडलाच नाही तर दुरुस्ती कशाची करणार? भोवतीची चार चौकटींची कोरी कडाही गायब आहे.

पुन्हा सांगतो, पैसे ‘एच’चे घेतलेत. आठ दिवसांत ४१ चौकटींची, लोगो नसलेली लेबले आली नाहीत, तर उरलेले बिल अडेल आणि प्रकरण ग्राहक आयोगाकडे जाईल. तुमचे जुने काम चांगले होते, म्हणून तर ऑर्डर दिली होती. यापुढे ब्राइटनेसवाल्यांचा फोन नको.

खरेदी विभाग