ताटाचा हिशेब आणि मुलाचा चेहरा

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या घडीत एका छोट्या संस्थेचे पत्रक आले होते. शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण देण्यासाठी मदतीचे आवाहन होते. वर रिकामे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या मुलाचा मोठा फोटो, खाली त्याचे नाव आणि इयत्ता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच वाक्य: एवढी देणगी द्या, एक मूल वर्षभर जेवेल. संस्था चांगले काम करत असेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी अशाच एका लहान संस्थेचा नऊ वर्षे खजिनदार होतो आणि आमचे पहिले पत्रक जवळजवळ असेच होते. त्यात आमच्याकडून काय चुकले आणि ते कसे लक्षात आले, हे अशा पत्रकांवर काम करणाऱ्यांच्या आणि देणगी देणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

‘एक मूल, एक वर्ष’ हा आकडा आम्ही असा काढला होता. शाळेच्या पटावर १८० मुले, वेळापत्रकात कामाचे २०० दिवस, म्हणजे वर्षाची ३६,००० ताटे. आदल्या वर्षीच्या शिध्याच्या खर्चाला या संख्येने भागले, एका ताटाचा खर्च मिळाला, त्याला २०० ने गुणले आणि ती रक्कम पत्रकावर छापली. गुणाकार-भागाकार बरोबर होते. तरीही डिसेंबरपर्यंत पत्रकातून आलेले पैसे संपले आणि उरलेले वर्ष आम्ही शिलकीतून आणि उधारीवर काढले.

पुढच्या उन्हाळ्यात मी रोजची वाढप-वही घेऊन बसलो. पटावर १८० असली तरी रोज सरासरी १५० मुले जेवत होती. परीक्षा आणि अवेळी आलेल्या सुट्ट्या वजा जाता स्वयंपाकघर १९० दिवस चालले होते. म्हणजे प्रत्यक्षात वाढलेली ताटे २८,५०० होती. आम्ही ज्या संख्येने भागले ती कागदावरची होती, आणि त्यामुळे ताट स्वस्त दिसत होते.

मोठी चूक मात्र ज्या खर्चाला भागले त्या आकड्यात होती. वर्षाचा सगळा खर्च १०० भाग धरला, तर शिध्याचे ५५ भाग होते. स्वयंपाकी आणि मदतनिसांचे मानधन २४, इंधन आणि पाणी ९, वाहतूक ५, हिशेब आणि तपासणी ४, भांडी आणि साफसफाई ३. पत्रकावर आम्ही फक्त ५५ मोजले होते. शिजवणाऱ्या हातांशिवाय आणि चुलीशिवाय शिध्याचे ताट होत नाही, हे स्वयंपाकघरात कुणालाही सांगावे लागले नसते. पत्रक लिहिताना मात्र ते आमच्या डोळ्यांआड झाले होते. १०० भागांना २८,५०० ताटांनी भागले तेव्हा एका ताटाचा खरा खर्च छापलेल्या आकड्याच्या सुमारे २.३ पट निघाला. ‘एका मुलाचे वर्ष’ म्हणून ज्यांनी पैसे दिले, त्यांच्या पैशात त्या मुलाची सुमारे ८७ ताटे झाली होती. १९० पैकी ८७. वर्षाचा अर्धा पल्लाही गाठला गेला नव्हता.

यावर आमच्याच समितीत एक रास्त मुद्दा निघाला. स्वयंपाक्यांचे मानधन एका जुन्या देणगीदाराकडून येत असेल आणि पातेल्यात आणखी दहा मुलांची जागा असेल, तर वाढीव मुलाचा खर्च जवळजवळ शिध्याएवढाच असतो. मग तेवढाच आकडा छापला तर खोटे काय? खोटे काहीच नाही, पण मग ते तसे लिहायला हवे. ‘मानधन आणि इंधनाची सोय झाली आहे, तुमची देणगी फक्त शिध्यासाठी आहे’ एवढे वाक्य पुरते. आणि ती सोय ज्या वर्षी बंद होईल त्या वर्षी पत्रक नव्याने छापावे लागेल. आमच्याकडे मानधनाची वेगळी सोय नव्हती. होती अशी समजूत तेवढी होती.

दुसरी गोष्ट ‘एक मूल’ या शब्दांची. देणगीदाराने ते वाचून पैसे दिले की त्याच्या मनात ती रक्कम त्या एका मुलासाठी राखलेली असते, आणि हा समज चुकीचा म्हणता येत नाही. आपणच तसे लिहिलेले असते. मग मोठे पातेले फुटले, तर त्या पैशातून नवे घेता येते का? आमच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष आला, आणि दोन देणगीदारांना फोन करून परवानगी मागावी लागली. त्यांनी ती आनंदाने दिली. पण त्यांच्या आवाजातला क्षणभराचा थांबा मला आजही आठवतो. तेव्हापासून आम्ही असे छापू लागलो: देणगी संपूर्ण भोजन उपक्रमात जमा होईल, ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त जमले तर पुढच्या वर्षासाठी राखले जाईल, कमी जमले तर आधी आठवड्यातले दिवस कमी केले जातील, ताटातले कमी केले जाणार नाही. हे शेवटचे ठरवायला समितीला दोन बैठका लागल्या. पत्रकाच्या निमित्ताने ते ठरले, नाहीतर वेळ आल्यावर घाईत ठरले असते.

आता फोटोबद्दल. भावनेशिवाय पत्रक चालत नाही, हे मला मान्य आहे, आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितले. काहींना रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, काहींना आफ्रिकेतल्या अन्नटंचाईचे आकडे, तर काहींना दोन्ही. रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. आणि दोन्ही वाचणाऱ्यांनी १.४३, म्हणजे गोष्टीच्या शेजारी आकडे आले तसा हात आखडला.

हा निष्कर्ष पुढे करून आकडे काढून टाका असा सल्ला दिला जातो. आम्हालाही मिळाला होता. पण त्या प्रयोगातले आकडे कोणते होते ते पाहावे. किती लाख मुलांना टंचाईची झळ बसली, पीक किती घटले, असे ते होते. संकट केवढे आहे ते सांगणारे. असा आकडा वाचून आपण दिलेले थेंबभर वाटू लागते. माझ्या रकमेतून किती ताटे होतील, हा आकडा वेगळ्या जातीचा आहे. तो देणाऱ्याच्या हातातल्या पैशाबद्दल बोलतो. तो प्रयोगात नव्हता, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तो प्रयोग काही सांगत नाही. आम्ही जगभरातल्या भुकेचे आकडे पत्रकातून काढले आणि ताटांचे ठेवले.

गोष्टीचा प्रश्न याहून अवघड होता. पहिल्या पत्रकातला फोटो एका मुलीचा होता. शाळेने परवानगी दिली होती. ‘हिच्या घरी दुपारी चूल पेटत नाही’ असे आम्ही खाली लिहिले होते. पत्रक वाटले गेल्यावर चौथ्या दिवशी तिची आई स्वयंपाकघराच्या दारात आली. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, ‘आमच्या घरात दुपारी कुणी नसतं, म्हणून चूल पेटत नाही. रात्री पेटते. तुम्ही मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.’ मुलीला वर्गात त्या वाक्यावरून चिडवले गेले होते. ती आठ दिवस जेवायला बसली नाही. जिच्या नावावर आम्ही ताटे मागितली, तिचेच ताट आमच्या पत्रकाने थांबवले होते. माफी मागून उरलेली पत्रके आम्ही परत घेतली, पण वाटली गेलेली कशी परत येणार?

त्यानंतर नाव, चेहरा आणि इयत्ता यांतले काहीच छापायचे नाही, आणि घरातल्या परिस्थितीबद्दल आपण पाहिलेले नाही ते लिहायचे नाही, असे ठरले. मग भावना आणायची कुठून? ती त्याच वाढप-वहीत सापडली. मुख्य स्वयंपाकीणबाई दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या मुलांच्या खुणा रोज पानाच्या कडेला करत. पातेल्याचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी स्वतःच लावलेली ही सवय होती. त्या खुणा मी दिवसांप्रमाणे मोजल्या. मंगळवार ते शुक्रवार रोज वीस-बावीस मुले पुन्हा वाढून घेत. सोमवारी चाळिसाच्या वर. जवळजवळ दर आठवड्याला. मी वही मिटली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

नव्या पत्रकाचे पहिले वाक्य तेच झाले: ‘आमच्या स्वयंपाकघरात सोमवारी दुपटीने मुले पुन्हा वाढून घेतात.’ त्याखाली एका ताटाचा पूर्ण खर्च, तो कसा काढला त्याच्या तीन ओळी, आणि कुणीही वही येऊन पाहावी असे निमंत्रण. कोणत्याही मुलाकडे बोट नाही. सुट्टीच्या दोन दिवसांत काय होते हे आम्ही लिहिले नाही, कारण ते आम्ही पाहिलेले नव्हते. जेवणामुळे हजेरी वाढली असेही लिहिण्याचा मोह होता. पण त्याच वर्षी शाळेत दोन नवे शिक्षक आले होते, आणि हजेरी कशामुळे वाढली हे आम्हाला वेगळे करून दाखवता येत नव्हते. ते वाक्य गाळले.

ताटाचा खर्च आधीपेक्षा दुपटीहून जास्त छापावा लागल्यामुळे देणग्या आटतील, ही धास्ती होती. देणाऱ्यांची संख्या थोडी घटली. पण त्यांतले बरेच जण पुढच्या वर्षी न मागता परत आले आणि त्या वर्षी उधारी करावी लागली नाही. यावरून सगळ्यांना लागू होईल असा नियम मी काढणार नाही, एका संस्थेचा अनुभव म्हणून सांगतो.

छपाईला देण्याआधी मसुदा आम्ही दोघींना वाचायला दिला, त्या मुलीच्या आईला आणि स्वयंपाकीणबाईंना. आईने शांतपणे वाचून मान हलवली. बाई पहिल्याच वाक्यावर थांबल्या. ‘सोमवारी नाही दादा,’ त्या म्हणाल्या, ‘सोमवारी सुट्टी आली की मंगळवारी होतं तसं. सुट्टीनंतरच्या दिवशी, असं लिहा.’ मी वही पुन्हा उघडली. त्यांचे बरोबर होते. आम्ही तसे छापले.

आपला,
एक वाचक
(शालेय भोजन उपक्रमाचा माजी खजिनदार)