फोटोतला सव्वीस आणि पुस्तकातला सव्वीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत ठिपक्याठिपक्यांचं एक रंगीत वर्तुळ छापून आलं होतं. खाली मजकूर असा : सव्वीस दिसला तर नजर ठीक, नुसता सहा दिसला तर लाल रंगाचा दोष, नुसता दोन दिसला तर हिरव्याचा. उत्तरं अगदी बरोबर आहेत, त्यात खोट काढायला जागा नाही. माझी तक्रार वर्तुळाबद्दल आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेलं आणि मग मोबाइलने फोटो काढून गावभर फिरलेलं ते वर्तुळ मूळचं राहिलेलंच नसतं. त्याने आमच्या शेजारच्या घराची चार दिवस झोप उडवली, म्हणून हे पत्र.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. शेजारचा मुलगा रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करतोय. सोमवारी रात्री तो मोबाइल घेऊन आला. "काका, मला सहा स्वच्छ दिसतोय, दोन असेल-नसेल असा. म्हणजे मी प्रोटॅन ना?" शब्दसुद्धा शोधून आला होता. मागे त्याची आई उभी. तिचा प्रश्न एकच : हे बरं होतं का?

आधी त्या वर्तुळाची रचना सांगतो. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली रंगदृष्टी तपासण्याच्या या प्लेट्स प्रथम प्रसिद्ध केल्या. पूर्ण पुस्तकात ३८ प्लेट्स असतात. पहिली सगळ्यांनाच वाचता येते, तिच्यावर बारा आहे. पुढच्या वीस प्लेट्स फक्त एवढंच विचारतात की, लाल-हिरव्यात गडबड आहे की नाही. आपण छापलेली सव्वीसची प्लेट बाविसावी. आकड्यांच्या प्लेट्सपैकी बावीस ते पंचवीस या चारच दोषाचा प्रकार सांगण्यासाठी आहेत, आणि त्या दाखवायच्या त्यालाच, जो आधीच्या एकवीसमध्ये चुकला आहे. म्हणजे आपण थेट शेवटचं पान उघडून दिलंत.

या चारही प्लेट्सवर करड्या ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर दोन आकडे असतात. डावा लालसर, उजवा जांभळट. डोळ्यातल्या लाल रंग टिपणाऱ्या शंकूपेशींत दोष असेल, ज्याला प्रोटॅन म्हणतात, तर त्या माणसाला ती विशिष्ट लालसर छटा करड्यासारखीच भासते आणि डावा आकडा विरून जातो. हिरव्या शंकूपेशींत दोष असेल, म्हणजे ड्यूटॅन, तर जांभळट छटा करड्यात मिसळते आणि उजवा आकडा जातो. म्हणून सव्वीसमध्ये प्रोटॅनला सहा उरतो, ड्यूटॅनला दोन. पुढच्या प्लेटवरच्या बेचाळीसमध्ये प्रोटॅनला दोन, ड्यूटॅनला चार. पस्तीस आणि शहाण्णवमध्येही तसंच. चारही प्लेट्समध्ये प्रोटॅनला उजवा, ड्यूटॅनला डावा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दोष सौम्य असला तर दोन्ही आकडे दिसतात, पण एक ठळक आणि एक फिका. अशा वेळी विचारायचं असतं, "यातला जास्त स्पष्ट कोणता?"

सगळी मदार त्या दोन छटांवर आणि त्यांच्यामागच्या करड्यावर आहे. छटा जराशी सरकली की उत्तर उलटतं. आणि फोटोत ती सरकतेच. वर्तमानपत्राचा कागद मुळात पिवळट. त्याचा फोटो कोणीतरी रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला. कॅमेरा आपल्या अकलेने रंग 'सुधारतो', पुढे पाठवताना फाइल दाबली जाते, आणि शेवटी पाहणाऱ्याच्या मोबाइलमध्ये रात्रीचा पिवळट मोड चालू. त्यातच कॅमेऱ्याचा सेन्सर रंग टिपतो ते आपल्या डोळ्यासारखे नव्हेत. छापील शाईचे जे दोन रंग एका डोळ्याला सारखे दिसावेत म्हणून जुळवून घेतले होते, ते फोटोत सारखे राहतीलच याची हमी नाही.

त्या मुलाचा मोबाइल मी हातात घेतला. माझी रंगदृष्टी चांगली आहे, तरी मलाही त्या फोटोत दोन फिकट दिसला. करडे ठिपके लालसर झाले होते आणि लालसर दोन त्यांच्यात बुडत चालला होता. उलट जांभळा सहा निळसर होऊन उठून आला होता. निळं-पिवळं वेगळं ओळखण्यात प्रोटॅनलाही अडचण नसते आणि ड्यूटॅनलाही नसते, त्यामुळे असा निळसर सहा कोणालाही दिसणार. मुलाचं उत्तर खरं होतं, प्लेट खोटी होती. फोटो तपासण्याची ही सगळ्यात सोपी खूण : घरातल्या चांगल्या नजरेच्या माणसाला दोन्ही आकडे सारखेच ठळक दिसतात का ते आधी पाहा. दिसत नसतील, तर त्या फोटोवरून दुसऱ्या कोणाचा प्रकार ठरवू नका.

दुसरी खूण मोबाइलवरच करून पाहता येते. फोटो कृष्णधवल करा. इशिहारांनी ठिपके मुद्दाम फिके-गडद मिसळलेत, की नुसत्या उजेड-अंधाराच्या फरकावरून आकडा ओळखू येऊ नये. कृष्णधवल केल्यावरही आकडा ठसठशीत वाचता आला, तर कॅमेऱ्याने तो फरक आत घुसवला आहे आणि रंगदोष असलेला माणूसही ती प्लेट वाचून जाईल. म्हणजे फोटो दोन्हीकडून फसवतो; चांगल्याला नापास करतो आणि दोष असलेल्याला पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुलाला बोलावलं. माझं पुस्तक कपाटात, कापडात गुंडाळलेलं असतं, कारण उघडं राहिलं की उन्हाने शाई उडते आणि बोटांच्या तेलाने डाग पडतात. खिडकीपाशी बसवला, ऊन अंगावर येणार नाही पण दिवसाचा उजेड भरपूर अशा जागी. ट्यूबलाइट बंद. पुस्तक डोळ्यांपासून पाऊण मीटरवर, नजरेला काटकोनात. प्रत्येक प्लेटला तीन सेकंद. पोरगं डोळे बारीक करून शोधायला लागलं की पान उलटायचं. उजेडाचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. पण पिवळ्या बल्बच्या प्रकाशात सौम्य ड्यूटॅन माणसं या परीक्षेत कमी चुकतात, हे जुनं माहीत असलेलं आहे.

पहिला बारा त्याने वाचला. आठच्या जागी तीन म्हणाला, सहाच्या जागी पाच, एकोणतीसच्या जागी सत्तर, सत्तावन्नच्या जागी पस्तीस. या चुका आपापल्या मनाने होत नाहीत, लाल-हिरव्याचा दोष असलेली माणसं नेमक्या ह्याच करतात. पुढच्या ज्या प्लेट्सवर दोष असलेल्याला काहीच दिसत नाही, तिथे तो मान हलवत राहिला. पहिल्या एकवीसपैकी सतरा किंवा जास्त बरोबर आल्या तर दृष्टी सामान्य धरतात, तेरा किंवा कमी आल्या तर दोष आहे. याच्या पाच बरोबर. मग बाविसावी उघडली. "दोन," तो म्हणाला. सहा? "कुठाय सहा?" बेचाळीसला चार, पस्तीसला तीन, शहाण्णवला नऊ. चारही वेळा डावा. ड्यूटॅन. फोटोने सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

शहाण्णवच्या प्लेटची एक गंमत सांगायलाच हवी. प्लेटवरचे आकडे इंग्रजी असतात. इंग्रजी नऊ उलटा केला की सहा होतो आणि सहा उलटा केला की नऊ. म्हणून ही प्लेट डोक्यावर उभी केली तरी शहाण्णवच वाचली जाते, फक्त लालसर आकडा उजवीकडे जातो आणि जांभळट डावीकडे. गोल कापलेल्या फोटोला वर-खाली काही नसतं. तो उलटा आला तर प्रोटॅन माणूस "नऊ" म्हणेल आणि वाचणारा त्याला ड्यूटॅन ठरवून मोकळा होईल. नोकरीत असताना एका शिबिरात सुट्या झालेल्या प्लेट्सच्या बाबतीत मी हे स्वतः केलंय. बाकीच्या तिन्ही प्लेट्स एक सांगत होत्या आणि ही एकटी दुसरंच, तेव्हा ट्यूब पेटली. म्हणून एकाच प्लेटवर प्रकार ठरवायचा नाही, चारही जुळल्या पाहिजेत.

मुलाच्या आईला मी विचारलं, तुमच्या भावाला रंगांची अडचण आहे का? ती हसली. "दादाला कैरी आणि पिकला आंबा वासावरनंच कळतो." हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला तो आईकडूनच मिळतो, आणि एका घराण्यात बहुधा एकाच प्रकारचा असतो. भाचा ड्यूटॅन असेल तर मामाही ड्यूटॅनच निघायला हवा. मामा गुरुवारी येऊन गेला. सव्वीसमध्ये त्याला दोन दिसला.

पुस्तकाच्याही मर्यादा आहेत. ड्यूटॅन असला तरी हिरवी शंकूपेशी अजिबात नाही, की आहे पण तिचं रंग टिपणं सरकलेलं, हे इशिहाराच्या प्लेट्स सांगू शकत नाहीत. किती चुका झाल्या यावरूनही ते ठरत नाही. त्यासाठी ॲनोमॅलोस्कोप नावाचं यंत्र लागतं. त्यात अर्ध्या वर्तुळात पिवळा प्रकाश असतो आणि उरलेल्या अर्ध्यात लाल-हिरवा मिसळून तोच पिवळा जुळवायचा असतो. हिरवी शंकूपेशी सरकलेला माणूस हिरवा जास्त घालतो, लाल सरकलेला लाल जास्त. ज्याच्याकडे ती पेशीच नाही, त्याला कुठलंही मिश्रण चालतं. निळ्या-पिवळ्याचा दोष तर या पुस्तकात सापडतच नाही.

प्रकार कळून उपयोग काय, असंही मुलाने विचारलं. रेल्वेसाठी काही नाही. लोको पायलटला लाल-हिरव्याचा कुठलाच दोष चालत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. गाडीच्या परवान्याचं वेगळं आहे. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवाना मिळू शकतो, तिथे प्रकारापेक्षा तीव्रता पाहतात. पण रोजच्या जगण्यात फरक पडतो. प्रोटॅनला लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, अंधारा दिसतो. पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट त्याला मंद वाटतो. ड्यूटॅनला तो प्रश्न नाही. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर : हा जन्मजात दोष बरा होत नाही, वाढतही नाही.

मग फोटोवरून काहीच कळत नाही का? थोडं कळतं. कोणी अनेक प्लेट्सचे फोटो पाहून आठला तीन, एकोणतीसला सत्तर अशी ठरलेलीच उत्तरं देत गेला, तर लाल-हिरव्यात काहीतरी आहे असा संशय घ्यायला हरकत नाही आणि त्याला पुस्तकाकडे पाठवावं. प्रोटॅन की ड्यूटॅन हे मात्र फोटोवर सोडू नये.

पुढच्या रविवारी यावर चार ओळींचा खुलासा छापावा. त्यासोबत पुन्हा वर्तुळ छापू नये, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
जि. सातारा