मनू, मामाच्या मुखत्यारपत्रावर सही करायच्या आधी हे वाच

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ड्राफ्ट प्रिंट काढून नीट वाचला. तू म्हणतेस मामाच तर आहे, त्यात काय एवढं बघायचं, टोरांटोच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट पण मिळालीये. मामा कसा आहे ते मला सांगू नको, माझा सख्खा भाऊ आहे तो. पण बँकेत इतकी वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मी असे कागद खूप बघितलेत, आणि हा कागद उद्या ज्याच्या हातात जाईल, म्हणजे बँक, घेणारी पार्टी, रजिस्ट्री ऑफिस, ते कोणी मामाला ओळखत नाहीत, ते फक्त कागद वाचतात.

तुला हवंय काय? फ्लॅटचा किराया वसूल व्हावा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि नगर निगमचा टॅक्स भरला जावा, किरायेदार बदलला तर नवीन अ‍ॅग्रीमेंट व्हावं, बस. विकायचं म्हणशील तर "दोनेक वर्षांनी बघू" असं तूच म्हणाली होतीस. आणि ड्राफ्टमध्ये काय आहे, तर विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, कर्ज काढणे, सगळं एका दमात. वकिलाकडे तयार फॉरमॅट असतो, नाव पत्ता बदलून देतात, त्यातलं हे. मुखत्यारपत्र कोर्ट फार काटेकोरपणे वाचतं, जे लिहिलंय तेवढाच अधिकार, सांभाळायचा अधिकार दिला म्हणून विकायचा मिळत नाही आणि विकायचा दिला म्हणून बक्षीस द्यायचा मिळत नाही. शेवटी ती जी ओळ असते ना, "मी स्वतः हजर असते तर केली असती ती सर्व कामे", तिनेही नवीन अधिकार तयार होत नाही, वरच्या कामांना लागणारी छोटी मोठी कामं तेवढी त्यात येतात. म्हणून जे हवंय ते स्पष्ट लिहून घे आणि जे नकोय ते काढूनच टाक. विक्रीचा अधिकार आत्ता देऊच नको. पार्टी मिळाली, भाव ठरला की तेव्हा वेगळं मुखत्यारपत्र कर, त्याच एका फ्लॅटचं, घेणाऱ्याचं नाव आणि कमीत कमी रक्कम घालून, आणि पैसे फक्त तुझ्या एनआरओ खात्यात येतील हेही त्यातच लिही. किरायाचंही तसंच लिही, थेट एनआरओ खात्यात, मामाच्या खात्यातून फिरून नको. मामाला सुद्धा ते बरं, उद्या कुणी भाचेकंपनी विचारायला आली तर त्याला हिशोब द्यायची वेळ येणार नाही.

आता खरी गोष्ट. कलम सात तू वाचलंस का? त्यात आहे की फ्लॅट घेताना मामाने दिलेले तीन लाख त्याने विक्रीच्या रकमेतून आधी वळते करून घ्यावेत, आणि खालच्याच ओळीत "हे मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय आहे". नुसतं अपरिवर्तनीय लिहिल्याने काही होत नाही, साधं मुखत्यारपत्र तू कधीही रद्द करू शकतेस. पण 1872 च्या करार कायद्यात कलम 202 आहे, की ज्याला अधिकार दिला त्याचं स्वतःचं हित त्या मालमत्तेत अडकलेलं असेल तर त्याचं नुकसान होईल अशा रीतीने तो अधिकार काढून घेता येत नाही. आणि कायद्यातच जे उदाहरण दिलंय ते जवळजवळ आपलंच आहे, एकाने दुसऱ्याला जमीन विकायचा अधिकार दिला आणि सांगितलं की माझ्याकडे तुझं जे येणं आहे ते त्या पैशातून घे, तर तो अधिकार देणाऱ्याला मागे घेता येत नाही, देणारा वारला तरी संपत नाही. म्हणजे या दोन ओळी राहिल्या तर उद्या तू म्हणालीस की मला विकायचंच नाही तरी मामाकडे बोट दाखवायला कागद आहे.

मी काल मामालाच बोलावून ते कलम दाखवलं. चष्मा वर करून दोनदा वाचलं त्याने आणि म्हणाला, "ताई, हे मी सांगितलंच नव्हतं, मी फक्त वकिलाला म्हटलं होतं की तीन लाखाचा उल्लेख असू दे." त्यानेच पेन्सिलने काट मारली. तीन लाख त्याचे आहेतच, ते द्यायचेच, पण त्याची वेगळी चिठ्ठी कर, रक्कम आणि कधीपर्यंत देशील ते लिहून दोघांच्या सह्या, मुखत्यारपत्रात तो विषयच नको.

रद्द करायचं आत्ताच बोलून ठेवते, कारण लोकांना वाटतं आपण कागदावर रद्द लिहिलं की संपलं. तसं नसतं. समजा तू 1 तारखेला रद्द केल्याचं पत्र टाकलंस, मामाला ते 9 ला मिळालं, आणि मधे 5 ला त्याने नव्या किरायेदाराशी अ‍ॅग्रीमेंट केलं, तर ते तुझ्यावर बंधनकारक आहे. रद्द होणं मामाच्या बाबतीत त्याला कळल्यापासून लागू, आणि बाहेरच्या माणसाच्या बाबतीत त्या माणसाला कळल्यापासून, त्याच करार कायद्याचं कलम 208. मामाला कळलं पण किरायेदाराला कळलं नाही, तर त्याने भरवशाने केलेला व्यवहार तू सहजासहजी मोडू शकत नाहीस. म्हणून रद्द करताना मामाला स्पीड पोस्टाने नोटीस, शिवाय बँक, सोसायटी, किरायेदार सगळ्यांना लेखी, पोच घेऊन, पेपरात जाहीर सूचना, मूळ कागद परत ताब्यात, आणि मुखत्यारपत्र रजिस्टर केलेलं असेल तर रद्द करायचा लेखही रजिस्टर. लांबून हे सगळं करणं किती अवघड जाईल तुला.

त्यापेक्षा कागदातच शेवटची तारीख घाल. 31 मार्च 2027 पर्यंत म्हण, गरज असेल तर पुढे नवीन करू. तारीख कागदाच्या पहिल्याच पानावर असली की जो कोणी तो हातात घेईल त्याला आपोआप कळतं, वेगळी नोटीस पोचली की नाही हा प्रश्नच राहत नाही. अजून एक ओळ घाल, की मामा हा अधिकार पुढे दुसऱ्या कुणाला देणार नाही आणि फ्लॅट स्वतःला किंवा घरच्या माणसाला किरायाने देणार नाही तुला लेखी विचारल्याशिवाय.

कॉन्सुलेटमध्ये सही झाली की मूळ कागद इथे पाठव, इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते, ते मी मोती तबेल्याला पंजीयक ऑफिसात जाऊन विचारून घेते, पाकिटावर पोचल्याची तारीख असेल ते पाकीट पण जपून ठेवते म्हणजे तीन महिने कधीपासून मोजायचे यावर वाद नको. बँकेचं मात्र वेगळं, बँका बहुतेक आपलाच फॉरमॅट मागतात, तो तू त्यांच्याकडून मागवून घे आणि त्यातही फक्त इथले खर्च भरायचे एवढंच ठेव.

अपॉइंटमेंट पुढची घे. शनिवारी तुझ्या सकाळी व्हिडिओ कॉल कर, मामा येणार आहे जेवायला, वकिलालाही फोनवर घेऊ आणि कलम सात काढलेला ड्राफ्ट एकदा सगळे मिळून वाचू.

तुझी आई