आवाहन : गुरुजींच्या सरावपत्रिका साफ करायच्यात, काळा कागद आणि दोन तास वेळ घेऊन या

नमस्कार मंडळी,

खरं तर हा मेसेज दिवाळीच्या आधीच टाकायचा होता पण अभ्यासिकेच्या वीजबिलाच्या भानगडीत राहून गेला, आता परीक्षा तोंडावर आलीये म्हणून आज रात्री बसून लिहितेय, जरा लांब झालंय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आपली अभ्यासिका देवळाच्या ओट्यावर सात पोरांना घेऊन सुरू झाली तेव्हापासून गुरुजी आपल्याबरोबर आहेत हे तुम्हा सगळ्यांना माहितीये. शिष्यवृत्तीच्या गणित आणि बुद्धिमत्तेसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने ६४ सरावपत्रिका लिहिल्या, पाठपोट, म्हणजे १२८ पानं. कागद वाया जाऊ नये म्हणून पातळ कागदावर, दोन्ही बाजूंनी. त्या पत्रिकांवर शिकलेली पोरं आज नोकरीला लागली, त्यातल्याच एकीने मागच्या वर्षी आपल्याला दोन ट्यूबलाइट आणि पंखा दिला, गिरणीवाल्या काकांनी चार बाकं दिली आणि घरून जुनी चटईसुद्धा आणून टाकली, आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्या दादांनी किती वर्षं आपल्याकडून फक्त कागदाचे पैसे घेतले त्याचा हिशोब मीही ठेवलेला नाही. ह्या सगळ्यांचे उपकार शब्दांत सांगता येत नाहीत, पण नाव न घेता का होईना, सांगायलाच हवं.

आता मूळ मुद्दा. ह्या वर्षी सहामाहीच्या सरावात एक गोष्ट झाली. पत्रिका क्रमांक १७, प्रश्न ६, साधा गुणाकार : २४ × ५. अकरा पोरांनी उत्तर लिहिलं १२. आम्ही लाल पेनाने चूक दिली आणि पोरांना बोललोही, लक्ष कुठे असतं तुमचं म्हणून. मग सहावीतल्या एका मुलीने पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, ताई, इथे तर २.४ आहे. आणि खरंच, दोन आणि चारच्या मध्ये टिंब होतं. पाचने गुणलं की १२च येणार, पोरं बरोबर होती.

रात्री मी गुरुजींचं मूळ पान काढलं. मूळ पानावर २४ आहे, टिंब नाही. मग ते पान उजेडात धरलं तर मागच्या बाजूचं "सांगा." ह्या शब्दापुढचं पूर्णविरामाचं टिंब नेमकं तिथे येतंय. पट्टी लावून बघितलं. मागच्या बाजूला ते टिंब डाव्या कडेपासून १३२ मिलिमीटरवर आहे, ए-फोर कागद रुंदीला २१० मिलिमीटर, म्हणजे पुढून बघताना ते डावीकडून ७८ मिलिमीटरवर यायला हवं, आणि २ आणि ४ च्या मधली जागा बरोब्बर ७८ वर. अकरा पोरांची मी त्या आठवड्यात एकेकाला बोलावून माफी मागितली.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण मदत करायची तर हे समजायलाच लागेल. झेरॉक्स मशीनमध्ये किंवा स्कॅनरमध्ये खालून उजेड पडतो, पातळ कागदातून थोडा उजेड आरपार जातो, वरच्या झाकणाचा पांढरा भाग तो परत फेकतो. परत येताना वाटेत मागच्या बाजूचं अक्षर असेल तर तिथला उजेड अडतो, आणि पुढच्या पानावर तेवढी करडी सावली दिसते. उलटी, म्हणजे आरशात दिसल्यासारखी, आणि कडा जरा धूसर. मूळ पानावर ही सावली इतकी फिकी असते की डोळा आपोआप ती सोडून देतो. पण मशीन त्याची कॉपी काढताना करड्याचा काळा करतं. त्या कॉपीवरून पुन्हा कॉपी, त्यावरून पुन्हा. आपल्याकडे चालू असलेल्या गठ्ठ्यात काही पानं चौथ्या पाचव्या पिढीची आहेत, तिथे मागची सावली पुढच्या प्रश्नाइतकीच काळी झालीये.

त्यातून आपल्या देवनागरीची स्वतःची अडचण आहे. आरशात उलटं झालं तरी शिरोरेघ वरच राहते, त्यामुळे लांबून ती ओळ खरीच वाटते. आकड्यांत तर जास्तच. ० उलटा केला तरी ०, उणे चिन्ह उलटं केलं तरी उणे, आणि ३ उलटा केला की तो जवळजवळ ६ दिसतो, ६ चा ३. बुद्धिमत्तेच्या पत्रिकेत "आरशातील प्रतिमा" हा प्रश्नप्रकार आहे, तिथे मागून आलेला उलटा आकडा पर्यायाच्या शेजारी पडला होता आणि चार पोरांनी तोच पर्याय समजून त्याच्याभोवती गोल केला. आता त्यांना काय सांगणार?

मूळ पानावरची सावली आणि कॉपीत कायमची बसलेली सावली ह्यात फरक आहे, तो ओळखायची सोपी युक्ती आहे. पानाखाली काळा कागद ठेवा. सावली फिकी पडली तर ती मागून दिसतेय, पान वाचवता येतं. काहीच फरक पडला नाही तर ते पुढच्याच बाजूला छापलं गेलंय, त्या कॉपीचा उपयोग नाही, मूळ पान शोधायला लागेल. (गुरुजींनी शाईच्या पेनाने लिहिलेली आठ-दहा पानं आहेत तिथे शाईच फुटून कागदाच्या आरपार आलीये, त्यावर काळ्या कागदाचाही इलाज नाही, ती पानं हातानेच पुन्हा लिहावी लागतील. सुवाच्य अक्षर असलेल्यांनी आत्ताच नाव सांगून ठेवा.)

तोच काळा कागद स्कॅन करतानाही लागतो. पानाच्या पाठीमागे काळा कागद लावला की आरपार गेलेला उजेड परत येतच नाही, मग मागे अक्षर असो की कोरं, दोन्हीकडे सारखंच. अख्खं पान थोडं करडं येतं पण सगळीकडे एकसारखं करडं, आणि ते कॉम्प्युटरवर सहज काढता येतं. स्कॅन ३०० डीपीआयला आणि ग्रेस्केलमध्येच करायचं. ब्लॅक अँड व्हाइट मोड लावला की मशीन स्वतःच ठरवतं काय काळं आणि काय पांढरं, करड्या छटा गेल्या की नंतर आपल्या हातात काही राहत नाही. एक एक पान काचेवर ठेवूनच करायला लागतं, वरच्या फीडरमधून गठ्ठा सोडला तर पाठीमागे काळा कागद कसा लावणार? म्हणून माणसं हवीत.

स्कॅन झाल्यावर आपल्या माजी विद्यार्थ्याने (तो सध्या पुण्यात असतो, रात्री जागून करून देतो, त्याचेही आभार) ही कमांड दिलीये :

```
magick pan17.png -colorspace Gray -level 10%,65% pan17_saaf.png
```

म्हणजे ६५ टक्क्यांपेक्षा उजळ असलेलं सगळं पांढरं होतं. बहुतेक पानांना हा आकडा चालला. पण इथेच मोठा धोका आहे आणि त्यासाठी मी एवढं लिहितेय. गुरुजींनी पेन्सिलने काढलेल्या आकृत्या, अपूर्णांकाची मधली रेघ, बारीक अनुस्वार, खरं दशांश चिन्ह, हे सगळंही फिकंच आहे. सावली घालवायला आकडा जास्त खाली आणला की सावलीबरोबर हेही जातं. पत्रिका २९ मध्ये ५० टक्के केलं तर सावली अगदी स्वच्छ गेली आणि त्याबरोबर ३/४ मधली रेघही गेली, ३ च्या खाली ४ नुसता उभा. म्हणजे एका टिंबासाठी आपण दुसरीकडे नवीन चूक तयार केली. आकड्यावर सगळं सोडता येत नाही, माणसाने बघायलाच लागतं.

त्यामुळे पद्धत अशी ठरवलीये. दोघांची जोडी. एकाच्या हातात मूळ पान, दुसऱ्यासमोर स्क्रीन. मूळ पान हातात असलेल्याने एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा, टिंब, रेघ, चिन्हासकट, "दोन चार, मध्ये काही नाही, गुणिले पाच" असं. शंका आली की पान उलटायचं, मागे त्या जागी काय आहे ते पट्टीने बघायचं, वर सांगितलं तसं, कडेपासूनचं अंतर २१० मधून वजा करून. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं, तेवढं धरायचं. मागे तिथे काही असेल आणि पुढचं चिन्ह उलटं आणि धूसर असेल तर ते पुसायचं. मागे त्या जागी कोरं असेल तर ते चिन्ह गुरुजींचं आहे, कितीही फिकं असलं तरी हात लावायचा नाही, उलट ठळक करायचं. आणि शेवटी प्रत्येक प्रश्न सोडवून गुरुजींच्या उत्तरांच्या वहीशी ताडायचा. ह्या पद्धतीने मी आणि सोबतच्या ताईंनी एका रविवारी नऊ पानं केली. ११९ राहिलीत.

गुरुजींना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना आता जवळचं दिसत नाही. मागच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा त्यांनी नुसतं बोट फिरवून विचारलं, कागद कुठला, पातळच का अजून?

एक गोष्ट मनाला लागलीये ती बोलते. मागच्या जूनमध्ये जाड कागदासाठी ह्याच ग्रुपवर मेसेज टाकला होता. ऐंशीच्या वर लोकांनी वाचला, नमस्काराचे हात आले, फुलं आली, कागद फक्त दोघांनी दिला. म्हणून पुन्हा पातळ कागदावर पाठपोट काढायला लागलं आणि त्यातूनच हे १७ नंबरचं झालं. कुणाला दोष देत नाहीये, प्रत्येकाच्या घरी अडचणी असतात, पण अकरा पोरांच्या वहीत आम्ही चुकीची लाल खूण केली ती मला अजून दिसते.

काय हवंय ते लिहिते, जागा थोडी आहे म्हणून भरभर : ८० जीएसएमचे कागद २० रीम (पातळ आणू नका प्लीज, ७० नको), किंवा त्याचे पैसे, एक रीम साधारण तीनशेच्या आसपास बसते, दोघातिघांत एक दिली तरी चालेल, काळा कार्डशीट ए-फोरपेक्षा मोठा, मॅट, चकचकीत नको, ६ नग, सपाट काचेचा स्कॅनर आठवडाभर उसना, जोडीने बसणारी माणसं येत्या चार रविवारी सकाळी ९ ते ११, समाजमंदिराच्या वरच्या खोलीत, गणित पाचवीपर्यंतचं आलं तरी पुरे, चष्मा असेल तर घेऊन या. आणि ज्यांच्या घरी गुरुजींच्या हाताची मूळ पानं जुन्या फायलीत असतील (२३, ४१ आणि ५२ नंबर आमच्याकडे नाहीतच) त्यांनी मोबाईलवर फोटो काढून पाठवू नका, झेरॉक्सही काढू नका, पान तसंच आणून द्या, साफ करून परत देऊ, वहीत नोंद ठेवतोय. पैसे खजिनदारांकडे, पावती मिळेल, नंबर ग्रुपवर वर पिन केलाय. रविवारी खोलीची किल्ली माझ्याकडे असते, पावणेनऊला उघडते.

आपली,
सचिव, अभ्यासिका समिती